फ्लॅश कोणाचा होता

संघदीपचं आणि माझं पहिलं भांडण कूलरवरून झालं. वाशीमच्या तहसीलसमोर आमचं एकच दुकान आहे, दहा बाय पंधराचं. एका बाजूला मी, जगदेव, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. दुसऱ्या बाजूला संघदीप, तो लग्नपत्रिका, बॅनर आणि मोबाईलवर टाकायच्या जाहिराती बनवतो. मध्ये एक कूलर. तो कूलर मी माझ्या तोंडावर रोखून ठेवायचो आणि तो उठून गुपचूप भिंतीकडे फिरवायचा. मी चिडलो की म्हणायचा, "भाऊ, सिधं तोंडावर वारं घेऊ नोका. डोये कोरडे पडतात." मी म्हणायचो, "डोये माहे हायेत, कूलर माहा हाये. तू आपलं बॅनर पाह्य."

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण माझा डावा डोळा आज शाबूत आहे तो या माणसामुळे. मी सहजासहजी कोणाची तारीफ करत नाही. माझी बायको विजयमाला म्हणते की मी तिच्या स्वयंपाकाची शेवटची तारीफ केली तेव्हा आमचं घर कुडाचं होतं. तेव्हा मी एखाद्याबद्दल एवढं लिहायला बसलो आहे, तर त्यात काहीतरी असेल असं धरून चाला.

संघदीप शेलूबाजारच्या बाजूच्या एका लहान गावचा. बाप भिवाजी, आई भागिरथा, दोघांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात काम केलं. पोराचा हात चांगला म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर म्हणी लिहायला लावलं, आणि तिथून तो पेंटर झाला. पाणपोईच्या पाट्या, ट्रकचे नंबर, शाळेच्या भिंती, जयंतीचे कापडी बॅनर, सगळं ब्रशनं. तहसीलच्या फाटकाशेजारी पाणपोई आहे, तिच्यावरची 'पिण्याचे थंड पाणी' ही पाटी त्याचीच. पंधरा वर्षं झाली, ऊन खाऊन निळा रंग फिका पडला, पण अक्षर एक हललेलं नाही. पुढे फ्लेक्स आले. ब्रशवाल्यांना कोणी विचारेना, तेव्हा हा पठ्ठ्या रडत बसला नाही. कॉम्प्युटर शिकला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

पेंटर लोकांची एक सवय असते. चार अक्षरं रंगवली की शिडीवरून उतरायचं, मागे मागे चालत जायचं आणि लांबून पाहायचं. जवळून सगळं बरोबरच दिसतं, वाकडं काय ते लांबूनच कळतं. संघदीप ब्रश धरत होता तोवर दिवसातून शंभर वेळा मागे सरायचा. कॉम्प्युटरवर बसला आणि ते सरणं सुटलं. दहा-दहा तास खुर्ची सोडायचा नाही. वर्षभरात त्याचे डोळे जळायला लागले, संध्याकाळी कपाळ ठणकायचं, अक्षरं कधी धूसर, कधी बरी. मलाही तेच व्हायचं, पण मी त्याला धंद्याचा भाग समजून सोडून दिलं होतं. तो डॉक्टरकडे गेला.

त्या डॉक्टर म्हणजे डॉ. निकिता. गावात नवीन दवाखाना टाकला होता त्यांनी, डोळ्यांचा. त्यांनी याला तपासलं, चष्मा दिला, आणि बोलता बोलता हा काय काम करतो ते कळलं तेव्हा त्यालाच काम सांगितलं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसांसाठी मोबाईलवर टाकायचं एक कॅरोसेल. मला हा शब्द माहीत नव्हता. म्हणजे इन्स्टावर बोटानं सरकवत जायच्या चित्रांची माळ, एकामागून एक पान. डॉक्टरांनी मजकूर दिला होता, सात पानांचा. पहिल्या पानावर 'डोळे थकले का?' आणि शेवटच्या पानावर डॉक्टरकडे कधी जायचं याची लक्षणं.

दुसरा कोणी असता तर दीड तासात काम उरकून मोकळा झाला असता. संघदीपनं आठवडा लावला. लिहिलेली गोष्ट आपण करून पाहिल्याशिवाय लोकांना सांगायची नाही, हा त्याचा कायदा. दुसऱ्या पानावर होतं: दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांब, वीस सेकंद पाहा. हा बाबा टेप घेऊन रस्त्यावर उतरला. माझ्या खुर्चीपासून मोजत मोजत गेला, एका मोटारसायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि परत येऊन म्हणाला, "भाऊ, वीस फुटावर तं आपल्या समोरची गटार येते. वीसच्या वर असलं तरी चालते. पाणपोईची पाटी साठ फुटावर हाये. तुमी दर वीस मिन्टानं तिच्याकडं पाह्यत जा."

"अन् लायनीतल्या मानसाले काय सांगू? थांब बा, मी पाटी वाचून राह्यलो?"

"वीस सेकंद तं तुमचं सर्व्हर रोजच झोपते," तो म्हणाला. "तवा पाह्यत जा."

मी पाटीकडे पाहिलं.

तिसऱ्या पानावर पापण्यांचं होतं. स्क्रीनकडे पाहताना माणूस पापणी कमी मिटतो, आणि मिटली तरी अर्धवट, म्हणून डोळा कोरडा पडतो. संघदीपनं एक दिवस माझ्याकडे पाहत मोजलं. मला न सांगता. मिनिटाला पाच. "म्हैसबी तुमच्यापेक्षा जास्त मिटवते," म्हणाला. चौथ्या पानावर स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली, उजेड खोलीला साजेसा, अक्षर मोठं, आणि पंखा-कूलरचं वारं तोंडावर नको. ते पान त्यानं छापून कूलरलाच चिकटवलं. पाचव्यावर होतं की चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतो, वाचायच्या चष्म्यानं स्क्रीन पाहायची तर मान वाकडी होते, म्हणून डॉक्टरला आपल्या स्क्रीनचं अंतर सांगून चष्मा घ्यावा. सहाव्यावर होतं की मेडिकलमधून मनानं थेंब आणून टाकू नये.

या सहाव्या पानाचा मला राग आला. माझ्या टेबलाच्या खणात एक बाटली होती. साडूला डोळ्याच्या ऑपरेशननंतर लिहून दिलेली, त्याला गुण आला म्हणून मीही तीच आणत होतो, दोन महिने. टाकली की लाली जायची. संघदीपनं खण उघडून बाटली घेतली आणि आपल्या खिशात टाकली. "डॉक्टरले दाखोतो," म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. ते दिवस शांततेत गेले असं त्यानं नंतर सांगितलं.

आता त्या गुरुवाराकडे येतो.

ई-केवायसीची मुदत संपत आली होती. सकाळी साडेनऊपासून दुकानापुढे बायामाणसांची रांग. कोणाचा अंगठा उठत नाही, कोणाच्या मोबाईलवर ओटीपी येत नाही. मी तीन दिवस धड जेवलो नव्हतो. संघदीपचंही काम गळ्याशी आलं होतं, कारण बाबासाहेबांची जयंती आठ दिवसांवर होती. आसपासच्या गावांचे बॅनर त्याच्याकडे, आणि त्याच्या स्वतःच्या गावचा मोठा बॅनर, ज्याचा तो दरवर्षीचा मानकरी, तो अजून कोराच होता. पण डॉक्टरांचं काम त्याला त्या दिवशी द्यायचं होतं.

त्याचा दुसरा कायदा असा की कोणतंही काम नुसतं स्वतः तपासून बाहेर सोडायचं नाही. ज्यानं ते आधी पाहिलेलं नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. तो कुठे अडखळतो, कुठे हसतो, कुठे पान सोडून पुढे जातो, ते हा बाजूला उभा राहून पाहतो. पाट्या रंगवायचा तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावायचा. या वेळी तो माणूस मी होतो. सुटी सुटी पानं मी पाहिली होती, शेवटचं मात्र पाहिलं नव्हतं. दुपारी एकच्या सुमारास सर्व्हर बसला तसा त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला.

मी वाचत गेलो, टोमणे मारत. सातव्या पानावर आलो. "ही लक्षणं दिसली तर थांबू नका," मी मोठ्यानं वाचलं. "अचानक कमी दिसणं. एकाचे दोन दिसणं. डोळा लाल होऊन जोरात दुखणं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं. नजरेसमोर अचानक खूप काळे ठिपके किंवा चिलटं आल्यासारखं वाटणं. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा उजेड. नजरेच्या एका बाजूला पडदा पडल्यासारखी सावली." आणि मी हसलो. "हे चिलटं अन् चमक तं मले तीन दिवसांपासून हाये. चिलटं कडुनिंबाचे हायेत, चैतात होतातच. अन् चमक रव्याच्या फ्लॅशची. तुह्या डॉक्टरीनले सांग, आमच्या बाजूले फोटो स्टुडिओ हाये म्हनून."

रवीचा स्टुडिओ आमच्या डाव्या भिंतीला लागून आहे. दरवाजा पलीकडच्या गल्लीत, पण मधल्या प्लायवूडला वरून फूटभर काच आहे, उजेडासाठी. त्या काचेतून त्याचा फ्लॅश आमच्याकडे येतो, दिवसातून साठ-सत्तर वेळा. फॉर्म माझ्याकडे भरतात, फोटो त्याच्याकडे काढतात, आम्हाला त्याची इतकी सवय की दचकतही नाही.

संघदीप हसला नाही. त्यानं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"भाऊ, रवी तं परवाच पोहरादेवीले गेला. यात्रेत फोटोचा तंबू टाकला त्यानं. कॅमेरा, लाईट, सगळं गाडीत टाकून नेलं. स्टुडिओ दोन दिवसांपासून बंद हाये."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "मंग त्याची बायको असंल."

"ते बी गेली. कुलूप हाये. मीच पोट्याचे फोटो आनाले गेलो होतो सकाळी, तसाच वापस आलो."

मी काचेकडे पाहिलं. पलीकडे अंधार होता. आणि मान परत वळवताना डाव्या डोळ्याच्या कडेला, अगदी बाहेरच्या बाजूला, लख्ख चमकलं. काच अंधारीच होती.

भीती अशी एकदम येत नाही. पहिल्यांदा राग येतो. मी म्हणालो की तीन दिवस झोप नाही, डोळे थकले, दुसरं काय. संघदीपनं विचारलं, "घरी चमकते का?" आणि मला आठवलं. आदल्या संध्याकाळी अंगणात चपला घालताना चमकलं होतं. मी आभाळाकडे पाहून विजयमालाला म्हणालो होतो, पाऊस येईल वाटते. आभाळ कोरडं ठाक होतं आणि तिनं मला वेड्यात काढलं होतं.

"पन मले दिसते ना साजरं," मी हट्टानं म्हणालो. उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि रस्त्यापलीकडची पाणपोई पाहिली. "पिण्याचे थंड पाणी. घे, वाचलं. काई झालं नाई मले."

"वाचाले येते म्हनून बरं असते असं कोनं सांगतलं?" संघदीप म्हणाला. त्याचा आवाज चढत नाही, पण त्या वेळी कडक झाला होता. "तुमी लहानपनापासून जाड भिंगाचे. डॉक्टरनं मले मजकूर देतानी सांगतलं होतं, मोठ्या मायनस नंबरवाल्यानं अन् पन्नाशीच्या वरच्यानं ही चमक आंगावर काढू नये. तुमाले दोन्ही लागू हाये. उठा."

मी उठलो नाही. पुढे चाळीस माणसं उभी होती. मुदत होती. मी म्हणालो संध्याकाळी जातो, मग म्हणालो रविवारी जातो. माझ्यासारख्या माणसाला आपण नसलो तर तालुका बंद पडेल असं वाटत असतं. संघदीप माझ्या टेबलाखाली वाकला आणि त्यानं मेन स्विच बंद केला. माझी स्क्रीन काळी झाली. पंधरा वर्षांत माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता.

मग तो रांगेकडे वळला. "बायाहो, जगदेवभाऊच्या डोयाले इजा हाये, आता डॉक्टरकडं न्या लागते. पुढच्या चौकात दुसरं सेंटर हाये, मी त्याइले फोन करतो, तुमचे नंबर याच लायनीनं लागतील." रांगेत पहिली केशरबाई होती, तांड्यावरून आलेली, सकाळपासून उभी. मला वाटलं आता शिव्या पडणार. ती मला म्हणाली, "जाय बापू. माहा अंगठा कोठी पयाला नाई." तेव्हा कुठे मी खुर्चीवरून उठलो.

डॉ. निकितांनी कारण ऐकलं आणि मला नंबराशिवाय आत घेतलं. डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या करायचे. अर्धा तास बाहेर बसवलं. मग कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून, वर पाहा, खाली पाहा, डावीकडे पाहा असं करत डावा डोळा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दिवा काढून समोर बसल्या.

"काका, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याला बाहेरच्या कडेजवळ चीर पडली आहे. अजून पडदा सुटलेला नाही. आज लेझरनं चिरेभोवती शिवण घातल्यासारखं केलं तर तिथेच थांबेल. नाही केलं तर चिरेतून पाणी मागे जातं आणि पडदा सुटू शकतो. मग मोठं ऑपरेशन, आणि नजर किती परत येईल ते सांगता येत नाही."

"पन मले वाचाले येते," मी परत तेच म्हणालो.

"वाचतो आपण पडद्याच्या मधल्या भागानं. चीर कडेला आहे. मधल्या भागापर्यंत गेल्यावर कळलं असतं, तेव्हा उशीर झाला असता."

मी विचारलं, हे स्क्रीनमुळे झालं का. त्या नाही म्हणाल्या. स्क्रीननं डोळा थकतो, कोरडा पडतो, डोकं दुखतं, पण पडदा फाटत नाही. वय, जाड नंबर, कधी मार लागणं, ही कारणं. "तुम्ही मात्र सगळ्याचा दोष स्क्रीनला देऊन बसला होता," त्या म्हणाल्या. संघदीप कोपऱ्यात उभा होता. त्यानं हे वाक्य ऐकलं आणि मान खाली घातली, जणू चूक त्याचीच. मग त्यानं खिशातून माझी बाटली काढून दिली. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे शाळेचे गुरुजी आठवले. त्यात स्टेरॉइड होतं. देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने टाकलं तर डोळ्यातला दाब वाढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. दाब मोजला. थोडा वर होता. बाटली त्यांनी ठेवून घेतली आणि दाबाची तपासणी पुढच्या आठवड्यात परत ठेवली.

लेझरचं मशीन अकोल्याला. डॉक्टरांनी तिथल्या पडद्याच्या डॉक्टरांना फोन केला, चिठ्ठी दिली, आजच जा म्हणाल्या. मोटारसायकल नको असंही सांगितलं. मला वाटलं संघदीप मला गाडीत बसवून देईल आणि आपल्या बॅनरकडे जाईल. तो माझ्याआधी एसटीत चढून खिडकीजवळची जागा धरून बसला होता. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उन्हात मला सगळं पांढरं दिसत होतं. त्यानं आपला दुपट्टा माझ्या डोक्यावरून डोळ्यांवर ओढून घेतला. मालेगाव गेलं, मेडशी मागे पडलं, पातूरचा घाट आला. मी काहीच पाहत नव्हतो. तो मला सांगत होता, आता हे आलं, आता ते आलं.

मध्येच मी विचारलं, "तुह्या गावचा बॅनर?"

"होईन."

"कवा होईन? आठ दिवस तं राह्यले."

"भाऊ," तो म्हणाला, "बाबासाहेबाचा फोटो मी नाई लावला तं दुसरा कोनी लावन. तुमचा डोया दुसरा कोन लावन?"

लेझरला वीस मिनिटं लागली. सुन्न करायचे थेंब टाकले, डोळ्यावर एक भिंग बसवलं, आणि हिरवे फ्लॅश सुरू झाले. थोडं टोचल्यासारखं व्हायचं, तेवढंच. एकामागे एक इतके फ्लॅश की रवीनं जन्मात मारले नसतील. मी आत मोजत होतो आणि शंभराच्या पुढे विसरलो. झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की शिवण पक्की व्हायला दोनेक आठवडे लागतील, जड उचलू नका, चिलटं काही दिवस दिसतील, पण चमक वाढली, चिलटं वाढली किंवा कडेला सावली आली तर त्याच घडीला या.

बाहेर आलो तर संघदीप बाकावर बसून मोबाईलवर काहीतरी लिहीत होता. मला वाटलं बॅनरचा मजकूर असेल. तो म्हणाला, "भाऊ, माहं कॅरोसेल चुकलं."

ही त्याची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून नीट सांगतो. मजकूर डॉक्टरांचा होता, एक शब्द चुकीचा नव्हता. माझा डोळा त्याच कॅरोसेलमुळे वाचला होता. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर छाती फुगवून फिरला असता. हा म्हणाला की सातवं पान मी त्याच्यापुढे बसून, तो उभा होता म्हणून वाचलं. एकटा असतो तर तिसऱ्या पानावर कंटाळून पुढचा व्हिडिओ पाहिला असता. शेवटच्या पानापर्यंत कोणी जात नाही. आणि पहिलं पान विचारतं 'डोळे थकले का?', म्हणजे माणूस सगळं थकव्यातच घालतो. जवळून सगळं बरोबर होतं. लांबून पाहिल्यावर वाकडं दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला आणि सातवं पान वर घेऊ म्हणाला. डॉक्टरांना आधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पहिल्याच पानावर पडदा, सावली असं लिहिलं तर लोक घाबरून बोट सरकवतील, आणि ज्यांचे डोळे खरोखर नुसते थकले आहेत ते रात्रभर झोपणार नाहीत. म्हणणं बरोबर होतं. संघदीपनं कबूल केलं आणि माझ्याकडे आला.

"भाऊ, तुमचा फोटो पायजे."

मी सरळ नाही म्हणालो. गावात माझं नाव आहे, लोक म्हणतील जगदेव आंधळा होणार होता. त्यानं आग्रह केला नाही. फक्त म्हणाला, "लक्षनं सांगतली तं लोक भेतात. मानूस सांगतला तं आयकतात." आणि कामाला लागला. मी तासभर त्याच्या पाठीकडे पाहत बसलो, मला स्क्रीनची मनाई नव्हती पण विजयमालानं आठ दिवस बंद केली होती. शेवटी मीच म्हणालो, घे बाप्पा, काढ.

रवी यात्रेहून आला, तेव्हा त्यानं मला स्टुडिओत स्टुलावर बसवलं. त्यानं लाईट लावला तसा मी डोळे गच्च मिटले. मला खरंच भीती वाटली. रवी थांबला. संघदीप कॅमेऱ्यामागे उभा होता. म्हणाला, "भाऊ, हा फ्लॅश समोरून येईन. दोन्ही डोयाले दिसंन. अन् आमालेबी दिसंन." मी डोळे उघडले. फ्लॅश समोरून आला, दोन्ही डोळ्यांना दिसला, आणि तिघांनाही दिसला. मी हसलो. तोच फोटो पहिल्या पानावर आहे. खाली एक ओळ: 'शेजारचा स्टुडिओ बंद होता, तरी मला फ्लॅश दिसत होता. मी समजलो, डोळे थकले.' दुसऱ्या पानावर दोन रकाने, एकीकडे थकलेला डोळा, दुसरीकडे आज दाखवायचा डोळा. डॉक्टरांनी त्यात एक वाक्य घातलं की विश्रांतीनं दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जळजळही दाखवा, आणि चमक, सावली, जोराचं दुखणं त्याच दिवशी. वीस-वीस-वीसच्या पानावर संघदीपनं एक पेंटर काढला आहे, हातात ब्रश, मागे मागे सरत पाटी पाहणारा. कूलरच्या पानावर माझं व्यंगचित्र आहे. त्याची परवानगी मी दिली नव्हती.

त्याच्या गावचा बॅनर झालाच नाही. जयंतीला भिवाजींनी पेटीतून जुना कापडी काढला, संघदीपनंच वीस वर्षांपूर्वी रंगवलेला, आणि तो विहाराच्या कमानीला लावला. मी गेलो होतो, पहिल्यांदाच. भागिरथाबाईंनी माझ्या ताटात बुंदी वाढली आणि माझ्या डोळ्याकडे निरखून पाहिलं, जणू त्यांचा पोरगा काय करून आला ते तपासत होत्या. "दिसते ना बापू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

आता कूलर भिंतीकडे तोंड करून असतो. दर वीस मिनिटांनी संघदीप स्क्रीनवरून मान न वळवता म्हणतो, "भाऊ, मांगं सरा," आणि आम्ही दोघं उठून दारात उभे राहतो. रांगेतली माणसंही आता मागे वळून पाहतात. डॉक्टरांनी सांगितलं आहे, अधूनमधून एकेक डोळा झाकून पाहत जा, दोन्ही उघडे असले की एकाची चूक दुसरा झाकतो. म्हणून मी उजवा डोळा तळव्यानं झाकतो आणि डाव्यानं पाणपोईची पाटी पाहतो. नुसती अक्षरं नाही, आता पाटीच्या चारही कडा पाहतो, डावीकडचा नळ, उजवीकडची कडुनिंबाची फांदी, कुठे सावली नाही ना. एक जुनं चिलट तेवढं नजरेसमोरून तरंगत जातं. मग मी वाचतो, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं, कारण अक्षर त्याचं आहे आणि डोळाही आता थोडा त्याचाच आहे. पिण्याचे थंड पाणी.